रिफची जागा

खांदेश्वर,
गुरुवार, दुपार

प्रिय क्षिप्रा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, निळ्या खुणा दिसतात, पण उत्तर देत नाहीस. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. शाळा सुटल्यापासून मी मराठीत सलग दोन पानं लिहिलेली नाहीत, तेव्हा अक्षराला हसू नकोस आणि मध्येच ठेवूनही देऊ नकोस. हे पत्र तुला तुझ्या मावशींनी आणून दिलं असेल. त्यांच्या हातात कुणी दिलं हे त्यांना विचारू नकोस, ते मीच शेवटी सांगणार आहे. आधी वाच.

पहिली बातमी अशी की परवा, शनिवारी, आपलं गाणं रेकॉर्ड होतंय. तुर्भ्याला कुलदीपच्या स्टुडिओत. तोच कुलदीप, ज्याच्याकडे आपण दोन वर्षं खेटे घालत होतो आणि जो आपल्याला 'बघू, बघू' म्हणून कटवायचा. आता तो स्वतःहून म्हणतोय की गाणं त्याला हवंय. फक्त त्याला ते जसं आहे तसं नकोय. दुसरी बातमी म्हणजे तुझाच मेसेज, जो तू गेल्या महिन्यात पाठवलास आणि ज्यानंतर गप्प झालीस. 'माझी गिटार विकून टाक. रिफ कुणालाही वाजवू दे. मला त्रास देऊ नका.' या तीन वाक्यांपैकी एकही मी मानणार नाहीये, क्षिप्रे. तिसरं तर मुळीच नाही. त्रास देण्यासाठीच हे पत्र आहे.

आठवतंय ना हे गाणं कुठून आलं? तुमच्या नेरूळच्या सोसायटीत सेक्रेटरी नंदकुमार काकांनी लिफ्टशेजारी नोटीस लावली होती. 'काही सदनिकांमधून येणारा वाद्यांचा आवाज कृपया कमी करावा.' काही सदनिका म्हणजे एकच, तुमची. तू त्या नोटिशीचा फोटो काढून मला पाठवलास आणि खाली लिहिलंस, 'आवाज कमी होणार नाही.' मी तेव्हा मानसरोवर स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभी होते. ते वाक्य मी तिथल्या तिथे मोठ्याने म्हणून पाहिलं, तर मागची बाई दचकली. त्याच क्षणी कळलं की कोरस सापडला, गाण्याचं धृपद. 'आवाज'मधला तो पहिला 'आ' उंच सुरावर हवा तितका ओढता येतो, तोंड आपोआप उघडतं, आणि लोकांना शब्द पाठ नसले तरी 'आ' म्हणता येतो. गाण्यातली सगळ्यात मोठी ओळ तीच असणार, हे आपल्याला एकही स्वर बसवायच्या आधी माहीत होतं.

मग तू रिफ केलीस, पुन्हा पुन्हा परत येणारी ती गिटारची लकेर. सारसोळ्याच्या जेट्टीजवळ, आपल्या ड्रमवाल्या हिरामणच्या काकांच्या जाळ्यांच्या खोलीत. भिंतींवर टांगलेली ती जाळी, त्यांचा वास, आणि त्यांच्यामुळे आवाज कसा घुमत नसे. स्टुडिओवाले त्यासाठी फोम लावतात. तू जाडी तार तीन वेळा ठणकावलीस, दोन पायऱ्या वर गेलीस, परत खाली आलीस आणि थांबलीस. शेवटचा ठोका तू वाजवलाच नाहीस. मी बेस गिटार गळ्यात घालून वाट बघत बसले की आता काहीतरी येईल, आणि त्या रिकाम्या जागी हिरामणने स्नेअर ड्रमवर एकच फटका मारला. आपण तिघं एकमेकांकडे बघून हसलो. सहा-सात स्वरांची ती ओळ होती. पहिलीतल्या पोराला वाजवता येईल अशी. पण त्या न वाजवलेल्या ठोक्यावर ऐकणाऱ्याचा पाय आपसूक पडायचा.

आणि एवढी चांगली रिफ हातात असताना आपण काय केलं? ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत दामटली. कडव्याखाली रिफ, कोरसखाली रिफ, मी श्वास घ्यायला थांबले तरी रिफ. याचं कारण आपला हिरामण. तो हळदीच्या मांडवांत वाढलेला. आगरी-कोळ्यांच्या हळदीला बेंजोवाल्याने एकदा लकेर धरली की सोडायची नाही, माणसं येतात, जेवतात, पुन्हा नाचायला शिरतात, लकेर चालूच. "सूर तुटला का लोका खाली बसतान," असं तो म्हणायचा, आणि मांडवात ते शंभर टक्के खरं आहे. पण वाशीच्या त्या फेस्टिव्हलला लोक मांडवात नव्हते, खुर्च्यांवर होते. आपण जीव तोडून वाजवलं आणि ते फोनमध्ये बघत बसले. स्टेजवरून उतरल्यावर तुझ्याच चुलत बहिणीला विचारलं, कोणतं गाणं आवडलं? तर म्हणाली, सगळी छान होती. सगळी छान होती म्हणजे एकही आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू सगळं उचकटलंस. मला अजून तुझा तो चेहरा दिसतो, भांडायलाच आल्यासारखा. म्हणालीस, रिफ कडव्यातून काढायची. जी गोष्ट जातच नाही तिची वाट कोण बघेल? हिरामण दुखावला, मीही दुखावले, पण तू ऐकलं नाहीस. सुरुवातीला एकटी गिटार, फक्त रिफ, मग आपण तिघं. आणि कडवं सुरू झालं की रिफ गप्प. तू तळव्याने तारा दाबून नुसती कुटकुट ठेवायचीस, मी बेसवर एकच स्वर धरून राहायचे, हिरामण झांजा बंद ठेवायचा. कडव्याची चाल खालच्या तीन-चार स्वरांतच फिरायची आणि शब्द मात्र खच्चून भरलेले. 'तिसऱ्या मजल्यावर चौथी तक्रार, दाराला साखळी, जिन्यात अंधार', बोलल्यासारखं, दात आवळून. मग दोन ओळींची चढण, आणि कोरसला सगळं एकदम मोकळं. शब्द चारच, स्वर लांब, चाल कडव्यात कधी गेलीच नव्हती त्या उंचीवर, कॉर्ड भराभर बदलणारे. कडव्यात कोंडलं म्हणून कोरस मोठा वाटायचा. आपण त्याचा आवाज वाढवला नव्हता. आणि कोरस संपला की लगेच रिफ, मी जे गायले त्याला तुझं उत्तर.

परीक्षा माझ्या मम्मीने घेतली, तिला नकळत. तुला ठाऊकच आहे, तिच्या मते आपण करतो ते संगीत नव्हे, भांडी पाडणं आहे. एका शनिवारी तिने नाइलाजाने ऐकलं, आणि रविवारी सकाळी भाजी निवडताना ती तोंडाने 'ढँ ढँ ढँ' करत होती आणि शेवटच्या ठोक्याला सुरी पाटावर आपटत होती. मी दारात उभी राहून फोनवर ते रेकॉर्ड केलं आणि तुला पाठवलं. तेव्हापासून आपला कायदा ठरला की रात्र उलटल्यावर मम्मीच्या तोंडी जे उरेल ते ठेवायचं, बाकी सगळं कापायचं. पप्पा म्हणाले, एवढी वर्षं हिच्या तोंडी माझं एक वाक्य राहिलं नाही, तुम्ही नशीबवान आहात.

मग राहिला ब्रिज, शेवटच्या कोरसआधीचा तुकडा. दोन कडवी, दोन कोरस झाल्यावर लोकांना सगळं कळलेलं असतं, आणि कळलेलं तिसऱ्यांदा ऐकताना कान झोपतात. म्हणून तिथे गाणं घराबाहेर नेलं पाहिजे, असं तू म्हणायचीस. नवे कॉर्ड, जे आधी एकदाही आले नाहीत. ज्या स्वरावर सगळं गाणं उभं आहे तो स्वर त्या कॉर्डमध्ये नसलाच पाहिजे. हिरामणचा ताल निम्म्याने संथ. रिफचा मागमूस नाही. आणि ओळही हिरामणचीच, त्याच्या बोलीत: 'भिंतीला कान लावून बग, आत कोन हाय.' मी ती जवळजवळ कुजबुजायचे. शेवटी एका कॉर्डवर गाणं लटकत ठेवायचं, घरी जायची ओढ लागेल पण जाऊ द्यायचं नाही. शांतता. आणि मग एकटी तू, रिफ, पहिल्यासारखीच. लोक ओरडायचे तिथे, क्षिप्रा. नव्या सुरांना कोण ओरडेल, ते ओळखीची गोष्ट परत आली म्हणून ओरडायचे. त्यानंतरच्या शेवटच्या कोरसला तू पहिल्यांदा रिफ कोरसच्या खाली वाजवायचीस आणि कॉर्डचं सगळं ओझं माझ्या बेसवर टाकायचीस. दोन वेगळ्या वाटलेल्या गोष्टी एकमेकींत बसायच्या, कारण कोरसच्या तिन्ही कॉर्डमध्ये गाण्याचा मूळ स्वर आहे. हे तू आधीच ठरवून ठेवलं होतंस आणि आम्हाला सांगितलं नव्हतंस.

फेब्रुवारीत सीवूड्सच्या सिग्नलपाशी कुणीतरी न बघता गाडीचं दार उघडलं आणि तू स्कूटरवरून पडलीस. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी. डॉक्टरांनी शिवलं, फिजिओवाल्याने जमेल ते केलं, पण ती दोन बोटं आता वाकत नाहीत. मी हे सरळ लिहितेय कारण सगळे तुझ्यासमोर हा विषय टाळतात, आणि मला माहीत आहे की तुला त्याची चीड येते. मलाही येते. मला त्या दाराची चीड येते, त्या माणसाची येते जो 'सॉरी मॅडम' म्हणून निघून गेला, आणि खरं सांगू, तू पेणला मावशींकडे जाऊन दार लावून घेतलंस त्याचीही येते. माझं रडून झालंय. आता मला फक्त राग येतो आणि तो बरा वाटतो.

तर कुलदीप. तो वाईट माणूस नाही. त्याचं म्हणणं असं की लोक आता थांबत नाहीत. "अगं, सात सेकंदांत कोरस आला नाही तर बोट वर सरकतं, गेला तुझा श्रोता." म्हणून कोरस आधी टाकायचा, ब्रिज उडवायचा, हिरामणचं बोलीतलं वाक्य कुणाला कळणार म्हणे, आणि रिफचा तुकडा कापून संपूर्ण गाण्याखाली फिरवत ठेवायचा. हिरामणने माझ्याकडे पाहिलं. आपण वाशीला जे करून आपटलो तेच हा पैसे घेणारा माणूस नवीन म्हणून सांगत होता. त्याने अंधेरीहून एक गिटारवालाही आणला. मुलगा जबरदस्त वाजवतो, मान्य करते. पण त्याने तुझी रिफ धरली आणि तो शेवटचा रिकामा ठोका बघून त्याला राहवेना. तिथे त्याने एक झरझर उतरणारी तान भरली. त्याचा हात मोकळा होता ना, तो थांबेल कशाला? हिरामणची काठी हवेतच राहिली. त्याला फटका मारायला जागाच उरली नाही.

तरीही मी प्रामाणिकपणे कुलदीपचं रूप घरी आणलं आणि मम्मीला ऐकवलं. ऐकताना ती म्हणाली, "हे बरंय, याला काहीतरी वळण आहे." मी फोन बंद करून झोपायला गेले. सकाळी उठले तर ती चहा गाळताना मालिकेचं शीर्षकगीत गुणगुणत होती. मी विचारलं, कालचं आठवतं का? म्हणाली, "कुठलं कालचं?" मी तिला मिठीच मारली, चहा सांडला आणि वरून बोलणी खाल्ली. मग तुर्भ्याला जाऊन कुलदीपला सांगितलं की कोरस आधी येणार नाही, रिफ कडव्यात वाजणार नाही आणि ब्रिजचा एक शब्द निघणार नाही. त्याची एक सूचना मात्र घेतली. दुसरं कडवं निम्मं केलं. चाल आता ओळखीची असते, तेव्हा पुन्हा सगळ्या पायऱ्या चढायला लावायचं कारण नाही, कोरस लवकर यावा. ते त्याचं बरोबर होतं आणि मी तोंडावर कबूल केलं. त्यामुळे तो थोडा मवाळ झाला. म्हणाला, "ठीक आहे, तुमचंच रूप करू. पण रिफ वाजवणार कोण? तू बेस धरणार की गिटार? शनिवारी मला तिथे माणूस पाहिजे, नाहीतर अंधेरीवाल्याला बोलावतो." मी म्हणाले, माणूस येईल.

आता ऐक. तुझी गिटार मी विकली नाही, ती आजपर्यंत माझ्या पलंगाशेजारी उभी होती. गेले तीन आठवडे मी माझ्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी एकत्र चिकटपट्टीने ताठ बांधून ती वाजवतेय. ऑफिसात विचारतात काय लागलं, मी सांगते काही नाही. पहिल्या आठवड्यात रिफ येईना. तू ती जाड वाटावी म्हणून दोन तारा एकत्र दाबायचीस, तर्जनी एका तारेवर आणि अनामिका दोन पट्ट्या पुढे दुसरीवर. अनामिका नसेल तर तो पंजा बसतच नाही. मी गिटार आपटायच्या बेतात होते. मग सर्वात जाडी तार सैल केली, ई सुरावरून खालच्या डीवर उतरवली. त्यामुळे काय झालं माहितीय? खालच्या तिन्ही तारा अशा जुळल्या की एकच बोट आडवं टाकलं की पूर्ण जाड कॉर्ड वाजतो. एकच बोट, क्षिप्रा. कोरसचे तिन्ही कॉर्ड, ब्रिजचे दोन्ही, सगळे आडव्या तर्जनीने. गाणं एक सूर खाली गेलं, माझ्या गळ्यालाही ते बरंच पडलं. आणि रिफमध्ये वरच्या पायरीवर पूर्वी तू बोट बदलायचीस. आता बदलायला बोट नाही, म्हणून तिथे घसरत जावं लागतं. त्या घसरण्यात तार जो आवाज काढते ना, खालून वर गुरगुरत, तो आधीच्या रिफमध्ये नव्हता. आधीची चांगली होती. ही जास्त वाईट वळणाची आहे, आणि आपलं गाणं तसंच आहे. मी जाळ्यांच्या खोलीत वाजवून दाखवली तेव्हा हिरामणने नुसता फटका मारला, बरोबर जागेवर, आणि मग डोळे पुसत म्हणाला, "जागा हाय तीच हाय."

पण मी ती वाजवणार नाहीये. मला बेस आहे, शेवटच्या कोरसला कॉर्ड धरायला मीच लागते, आणि ती रिफ माझी नाही. शिवाय माझं घसरणं सरळसोट आहे. ब्रिजनंतरच्या शांततेत किती थांबायचं हे मला कळत नाही, मी दरवेळी लवकर येते. ते तुझ्या हातात होतं आणि हात तर अजून तुझाच आहे. तू आली नाहीस तर शनिवारी आम्ही दोघं गाणं पूर्ण वाजवणार आणि रिफच्या प्रत्येक जागी काहीच वाजवणार नाही. कुलदीपला काय करायचं ते करू दे. अंधेरीवाला आला तर मी गाणं घेऊन परत येईन. वाटेल तेवढा वेळ ते रेकॉर्ड न होता राहील, पण त्या जागेवर दुसरं कुणी बसणार नाही. तू म्हणशील, मला दया नकोय. दया करायला मी कोण? मला गाणं पूर्ण हवंय, एवढाच माझा स्वार्थ आहे.

आणि आता पत्र का लिहिलं ते. हिरामणला मी म्हणाले होते की तूच जा आणि समजाव. तो म्हणाला, "मना ढोल बोलता येतो, तोंडानं नाय. तू लिवून दे, मी पोचवतो." म्हणून हे लिहिलंय. मावशींना पत्र त्यानेच दिलं आणि तो गेलेला नाही. मावशींच्या इमारतीच्या खाली, चुलतभावाचा मासळीचा टेम्पो लावून बसलाय. वास येत असेल, खिडकी उघड. तुझी गिटार त्याच्या मांडीवर आहे, जाडी तार आधीच डीवर उतरवलेली. त्याला मी बजावलंय की ती नाही म्हणाली तर भांडायचं नाही, गिटार दाराशी ठेवायची आणि परत यायचं. पण वर पत्र वाचून होईपर्यंत तो त्या टेम्पोच्या पत्र्यावर आपलं कडवं वाजवत राहणार आहे, मग कोरस, मग ब्रिज. नंदकुमार काका तिथे नाहीत, त्याला कुणी अडवणार नाही. ब्रिज संपला की तो थांबेल आणि पुढे काही वाजवणार नाही. ती रिकामी जागा ऐकू आली की खाली ये.

तुझीच, आणि तुझ्याच शब्दांना जागून आवाज अजिबात कमी न केलेली,
अक्षता